कलमाचा आकडा भाषांतरकाराचा नसतो

"दोषारोपपत्राच्या भाषांतरावर नोटरीचा शिक्का मारला की काम झालं ना?" – कोथरूड

शिक्क्याने चुकीचं कलम बरोबर होत नाही. ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे, त्यांना कसं भाषांतर चालतं ते आधी विचारा.

"भावावरची केस २०२३ची आहे. भाषांतर करणारे म्हणाले, आता कायदा बदललाय, नवीन कलमं टाकतो. टाकू द्यावीत का?" – हडपसर

अजिबात नाही. महिन्यातून दोनदा तरी हेच ऐकतो, आणि दर वेळी 'नेटवर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आहे' हेच उत्तर मिळतं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली. त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागू राहते. तुमच्या कागदावर 'भा.दं.वि. कलम ३२४, ५०४, ५०६ सह ३४' असेल, तर इंग्रजीतही तेच आकडे, तोच क्रम आणि कायद्याचं पूर्ण नाव हवं. नाव गाळून नुसतं '३२४' लिहिलं आणि वाचणाऱ्याने ते नव्या संहितेत शोधलं, तर तिथे त्याला घातक हत्याराने केलेली दुखापत सापडत नाही, मालमत्तेचं नुकसान सापडतं. दुखापतीचं कलम तिथे ११८(१) आहे.

नव्या गुन्ह्यांत कंस जपा. ३५१(२) म्हणजे साधी धमकी, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ३५१(३)मध्ये जीवे मारण्याची धमकी येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. कंस गळला की वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. 'सह'च्या जागी स्वल्पविराम टाकणारेही आहेत. त्याने ३४ हा वेगळाच गुन्हा वाटू लागतो, खरं तर तो समान इराद्याचा जोड आहे. मूळ कागदातच कलम चुकल्याचं वाटलं, तरी ते तसंच ठेवा, खाली 'मुळात असेच' अशी टीप द्या आणि वकिलांना दाखवा. दुरुस्ती आपलं काम नव्हे.

"'कोयता उगारून जीवे मारण्याची धमकी दिली' याचं 'कोयत्याने हल्ला केला' असं भाषांतर आलंय. चालेल?" – येरवडा

नाही. उगारला म्हणजे लागला नाही. वार झाल्याचं मूळ कागदात नसताना भाषांतराने तो केला! 'कोयता'चं 'तलवार' करू नका, 'शिवीगाळ, दमदाटी'तला एकही शब्द सौम्य करू नका. 'आरोपी'चा 'गुन्हेगार' करणाऱ्याला तर पुन्हा काम देऊ नका. आधीचं भाषांतर कुठे दाखल झालं असेल, तर वकिलांना आजच सांगा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

"जामिनाच्या इंग्रजी आदेशात २५,०००चा पी. आर. बाँड आहे. मराठीत 'रक्कम भरावी' लिहून आलंय. पैसे घेऊन कोर्टात जाऊ का?" – धनकवडी

थांबा. पी. आर. बाँड म्हणजे जातमुचलका: हजर न राहिल्यास तेवढी रक्कम देईन, असं आरोपीने दिलेलं लेखी बंधन. रोख भरायची असेल तर आदेशात तसं वेगळं म्हटलेलं असतं. 'एक किंवा दोन जामीनदार' असं असेल तर 'किंवा'चं 'आणि' झालं नाही ना, तेही पाहा. जामीनदाराला कोणते कागद लागतील ते वकिलांना विचारा, आणि जाताना मूळ इंग्रजी आदेश सोबत ठेवा.