वडिलांसोबत गाडीने लांबच्या प्रवासाला निघालोय, मनातलं बोलणं कसं काढू?

प्रश्न: मी पस्तिशीचा आहे, बाबा सत्तरीचे. आमचं कधीच मनमोकळं बोलणं झालं नाही. आता दोघंच गाडीने गावी जाणार आहोत. विषय कसा काढावा?

उत्तर:

विषय काढूच नका असं मी म्हणेन, निदान पहिल्या दिवशी तरी. रस्त्यात जे दिसतंय त्याबद्दल विचारा, तेही 'तुम्हाला कसं वाटलं' असं नाही तर 'तेव्हा इथे काय होतं', 'जेवायचात कुठे', 'पगार कधी व्हायचा' असं. आपल्या वडिलांच्या पिढीला भावनेबद्दल विचारलं की ते गप्प होतात पण जागा आणि पैसे याबद्दल विचारलं की सगळं आठवतं, आणि त्या आठवणीतूनच बाकीचं बाहेर येतं. दुसरी गोष्ट, गाडीत दोघांची तोंडं समोर रस्त्याकडे असतात. घरात एकमेकांकडे बघत जे बोलवत नाही ते तिथे बोललं जातं.

माझं सांगतो. बाबा गिरणी कामगार, मूळ गाव कुडाळजवळ, आता आम्ही डोंबिवलीला. घराची कौलं बदलायची होती म्हणून दोघंच निघालो, साडेचारशे किलोमीटर, पहाटे पाचला. पनवेल ते पेण फक्त खड्डे आणि डिझेलचा भाव. वडखळला चहाला थांबलो तर म्हणाले पूर्वी एसटी इथे थांबायची, अर्धी गाडी झोपलेली असायची. बस एवढंच. मी पण पुढे काही विचारलं नाही.

महाडला सावित्रीचा नवीन पूल लागला. जुना ब्रिटिशांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला होता, दोन एसटी बस त्यात गेल्या, तुम्हाला आठवत असेल. बाबा पुलावर असताना एकदम म्हणाले, "तेवा तुझी चिपळूणची कामं चालू होती." आणि मला आठवलं की त्या सकाळी त्यांचा फोन आला होता, खंय आसस विचारलं, मी म्हटलं घरी ठाण्याला, तर "काय नाय, सहज केल्लंय" म्हणून ठेवून दिला. बाबा कधी स्वतःहून फोन करत नाहीत, पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पुलावरून गाडी जाताना ते म्हणाले की टीव्हीवर बातमी बघून त्यांनी नंबर लावायला घेतला तर बटणंच दाबता येईनात, हात थरथरत होते, शेवटी शेजारच्या मुलाने लावून दिला. नऊ वर्षं ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, आईला पण नाही.

पुढे कशेडीला बोगदा झालाय, लवकर जाता येतं, पण त्यांनी "घाटातनंच घे" म्हटलं आणि मी घेतला. तुमचे बाबा असं काही म्हणाले तर अर्धा तास वाचवू नका, त्यांना त्या वळणांवर काहीतरी आठवत असतं. खेडच्या जवळ ताईचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर, "काय मग बापलेकांच्या गप्पा चालल्यात का," आणि बाबा जे गप्प झाले ते संगमेश्वरपर्यंत. फोनचं कनेक्शन गाडीपासून तोडूनच ठेवा, तिसरा आवाज आला की त्यांचं बोलणं बंद होतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्यात एक विषय कायम टाळलेला होता, तो म्हणजे मला लहानपणी गावी का ठेवलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा मी चार वर्षांचा. आई आणि मी गावी आजीकडे, बाबा मुंबईत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे 'संपल्यावर आणतो' याला तारीखच नव्हती. मी मुंबईला आलो तो थेट पाचवीत. मधल्या काळात माझी पक्की समजूत झाली होती की बाबांना आम्ही नको होतो.

हातखंब्याच्या पुढे मी फक्त विचारलं, संपात जेवायचात कुठे? आणि मग ते बोलत राहिले. ते बदली कामगार होते, म्हणजे रोज सकाळी बदली कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कायम कामगार कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत खोलीवर. संपाच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करायची पण मागणी होती म्हणून ते जीव तोडून संपात होते. खोली गावकीची, एका खोलीत एवढी माणसं की पाळ्यांमध्ये झोपायचं. खानावळवाल्या मावशीचे पैसे थकले, ती काही बोलायची नाही पण यांनीच लाजेने जेवण एक वेळ केलं. मग भिवंडीला पॉवरलूमवर, बारा बारा तास, गिरणीपेक्षा कितीतरी कमी पैशात. हे सगळं अगदी साध्या आवाजात, मध्येच "ट्रक बघ" वगैरे.

राजापूरच्या अलीकडे, मी काही न विचारता, म्हणाले, "तुका न्हेवक इल्लंय मी एकदा. तू पयलीत होतंस."

मी त्यांना बघून आजीच्या मागे लपलो होतो म्हणे. दोन वर्षं तोंड बघितलेलं नाही, दाढी वाढलेली, ओळखलंच नाही. हाक मारली तर रडायला लागलो. आई म्हणाली परीक्षा होऊ दे मग बघू, आणि ते रात्रीच्या एसटीने एकटे परत गेले. माझ्यासाठी आणलेले बूट आजीकडे ठेवले. ते बूट मला आठवतात, काळे, आजीने सांगितलेलं मामाने पाठवले.

माझ्याच्याने काही बोलवेना. पाच-दहा मिनिटं नुसती गाडी चालवली, आणि हे महत्त्वाचं आहे, ती शांतता भरून काढायची घाई करू नका. मग मी सांगितलं की शाळा सुटल्यावर मी स्टँडवर जाऊन मुंबईच्या गाडीतून कोण उतरतं ते बघत बसायचो. ते म्हणाले, "फुडे बघून चलव." खारेपाटण गेलं, कणकवली गेलं, एक शब्द नाही. मला वाटलं संपलं.

पण परतीच्या वाटेवर, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, तिथे विचारलं त्यांनी, "माझो राग होतो काय रे तुका?" मी म्हटलं होता, दहावीपर्यंत होता. "असतलोच," म्हणाले, आणि माझ्या मांडीवर हात ठेवला, गाडी सुटेपर्यंत काढला नाही. मी एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडलो. त्यांनी पण डोळे पुसले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

सगळं बोलून झालं असं नाही. आईची आणि त्यांची त्या वर्षांतली पत्रं होती, ती कुठे गेली विचारलं तर अजून उत्तर देत नाहीत, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

तुमच्यासाठी एवढंच, तुमचे बाबा जिथे राहिले, जिथे नोकरी केली ती गावं लागतील असा रस्ता निवडा, मग तो लांबचा असला तरी चालेल. उजेडात गाडी चालवा म्हणजे त्यांना जागा ओळखता येतील, या वयात दर दीड तासाला थांबावंच लागतं ते ते स्वतःहून सांगणार नाहीत म्हणून तुम्हीच थांबा, आणि जाताना काहीच बोलले नाहीत तर परत येताना ट्रेनने येऊ नका, गाडीनेच या, दोघंच.