काटला त्यांनी, पत्ता मात्र आपलाच: क्रिस-क्रॉस फोर्स

प्रश्न: हातचलाखी अजिबात येत नाही. समोरच्याने आपल्याला हवा तोच पत्ता घ्यावा, अशी एखादी सोपी जादू सांगाल का?

मॅक्स होल्डन या जादूगाराच्या नावावर असलेला क्रिस-क्रॉस फोर्स शिकावा. त्यात बोटांचे कसब लागत नाही. सगळा भार योग्य वेळी बोलण्यावर असतो.

जोकर न काढता कॅट समोरच्याकडून पिसून घ्या. मग ‘जोकर बाजूला काढतो’ असे म्हणून पत्त्यांची तोंडे स्वतःकडे करून ते पसरा. जोकर काढताना पंख्यात सर्वांत मागे राहिलेला पत्ता पाहून ठेवा, कारण कॅट पालथा केल्यावर तोच सर्वांत वर येतो. समजा, ती किलवर सत्ती आहे. कॅट पालथा ठेवा, चिठ्ठीवर ‘किलवर सत्ती’ लिहा आणि घडी घालून ती खिशात ठेवा.

आता समोरच्याला साधारण मधून काटायला सांगा. त्याने उचललेला वरचा भाग टेबलावर ठेवला, की उरलेला खालचा भाग तुम्ही उचलून त्यावर आडवा ठेवा आणि म्हणा, ‘तुम्ही कुठे काटलेत, त्याची ही खूण.’ रमी खेळणाऱ्यांना हे मुळीच खटकत नाही, कारण काटल्यावर खालचा भाग वर ठेवण्याची त्यांना सवयच असते.

खरे तर सत्ती अजूनही खालच्या गड्डीच्या माथ्यावर आहे आणि काटलेल्या जागेशी तिचा काही संबंध नाही. म्हणूनच इथे लगेच पत्ता उचलू नये. कोणता भाग आधी वर होता, याची आठवण पुसट व्हायला दहा-पंधरा सेकंद जावी लागतात. या वेळात चिठ्ठी काढून त्यांच्या हाती द्या, ‘मूठ घट्ट मिटा, आणि मी हे पत्ते पिसण्यात हात घातला होता का, ते सांगा’ असे विचारा आणि उत्तर ऐकताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. तुमची नजर गड्डीवर राहिली तर त्यांचीही तिथेच राहते. सुरुवातीला मी याच ठिकाणी गप्प राहत असे आणि दर वेळी कोणीतरी ‘हा तर वरचाच पत्ता’ असे ओळखत असे.

उत्तर मिळाल्यावर आडवी गड्डी उचला, ‘इथे काटले होते’ एवढेच म्हणा आणि खालच्या गड्डीवरचा पत्ता त्यांनाच उलटू द्या. सत्ती दिसल्यावर चिठ्ठी त्यांनीच उघडावी; तुम्ही उघडलीत तर चिठ्ठी बदलल्याचा संशय येतो.

तेवढ्यात दोन्ही गड्ड्या एकत्र करून टाका. ‘पुन्हा एकदा’ असा आग्रह झाला तरी त्याच लोकांपुढे ही जादू करू नका, कारण दुसऱ्या वेळी त्यांचे डोळे काटलेल्या भागावरून हलत नाहीत.