सावळ्या त्वचेवरचे पिंपलचे डाग: मॅन्डेलिक लावावं की लॅक्टिक?

प्रश्न: माझा रंग सावळा आहे, वय 27. पिंपल बसला तरी काळा डाग चार-चार महिने राहतो. 10 टक्क्यांचं ग्लायकॉलिक रोज लावलं, तर नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर आणखीच काळं झालं. मॅन्डेलिक आणि लॅक्टिक सौम्य असतात म्हणे. कोणतं घेऊ आणि कसं लावू?

उत्तर:

आधी ग्लायकॉलिक बंद करा आणि पुढचे तीन-चार आठवडे दुसरंही कुठलं ॲसिड लावू नका. तुमच्या नाकाजवळ आणि हनुवटीवर जे काळं झालंय, ते पिंपलमुळे नाही. ती भाजल्याची खूण आहे. सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या त्वचेपेक्षा संख्येने जास्त नसतात, पण त्या फार लवकर चिडतात. पिंपल असो, नखाचा ओरखडा असो, थ्रेडिंग असो की ॲसिडची आग, त्वचेला दाह झाला की या पेशी जास्तीचं मेलॅनिन तयार करतात आणि ते आजूबाजूच्या पेशींमध्ये भरतात. पिंपल बसतो, भरलेला रंग मात्र तिथेच राहतो. म्हणून डाग घालवायला लावलेल्या गोष्टीने आग होत असेल, तर तुम्ही एका हाताने डाग पुसताय आणि दुसऱ्या हाताने नवा काढताय.

या तीन-चार आठवड्यांत साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच. पुन्हा कधी सुरू करायचं, ते ओळखायची खूण सोपी आहे. धुतलेल्या चेहऱ्यावर रोजचं मॉइश्चरायझर लावल्यावर नाकाच्या कडेला किंवा ओठांच्या कोपऱ्यात जरासुद्धा चुरचुरलं, तर त्वचा अजून भरून आलेली नाही. सलग आठ दिवस काहीच जाणवलं नाही की पुढे जा.

आता सौम्य म्हणजे काय ते पाहू. ग्लायकॉलिकचा रेणू या तिघांत सगळ्यात लहान, त्याचं वजन 76. लॅक्टिकचं 90 आणि मॅन्डेलिकचं 152, म्हणजे ग्लायकॉलिकच्या बरोबर दुप्पट. लहान रेणू झटकन आत शिरतो आणि कुठे कमी, कुठे जास्त असा असमान शिरतो. नाकाच्या कडेला, ओठांजवळ, हनुवटीच्या खळीत तो आधी पोचतो, आणि तुम्हाला नेमका तिथेच त्रास झाला. मॅन्डेलिक जाडजूड असल्यामुळे हळूहळू आणि बऱ्यापैकी सारखं झिरपतं. शिवाय ते तेलात थोडं जास्त मिसळतं, त्यामुळे तेलकट, पिंपल येणाऱ्या त्वचेला मानवतं. लॅक्टिकची खासियत वेगळी. आपली त्वचा ओलावा धरून ठेवायला जे पदार्थ स्वतःच तयार करते, त्यांत लॅक्टेट असतं. त्यामुळे कोरड्या, ओढल्यासारख्या होणाऱ्या त्वचेला लॅक्टिक बरं पडतं.

तुम्हाला पिंपल अजून येताहेत, म्हणून मी मॅन्डेलिक निवडेन. चेहरा धुतल्यावर दहा मिनिटांत ताणल्यासारखा होत असेल किंवा गालांवर पांढुरकं पापुद्र्यासारखं दिसत असेल, तर 5 टक्के लॅक्टिक घ्या. दोन्ही एकदम नको. एकच घ्या, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल.

बाटलीवरच्या टक्क्यांना मात्र फसू नका. त्वचेत काम करतं ते मोकळ्या रूपातलं ॲसिड, आणि किती ॲसिड मोकळं राहणार हे पीएचवर ठरतं. पीएच 3.8 असेल तर 10 टक्के ग्लायकॉलिकमधलं जवळपास निम्मं, म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपास मोकळं असतं. त्याच पीएचला 5 टक्के लॅक्टिकमध्ये आणि 10 टक्के मॅन्डेलिकमध्ये मोकळं ॲसिड निघतं सारखंच, साधारण पावणेतीन टक्के. म्हणजे '10 टक्के मॅन्डेलिक' हे आकड्याला दिसतं तितकं तिखट नाही, आणि तुमचं ग्लायकॉलिक त्याच्या जवळपास दुप्पट कडक होतं. घरी वापरायला 10 टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 च्या खाली नाही, ही मर्यादा पाळा. पीएच बाटलीवर किंवा कंपनीच्या साइटवर लिहिलेला नसेल, तर दुसरं घ्या. घटकांच्या यादीत लॅक्टिक ॲसिड नसून फक्त सोडियम लॅक्टेट असेल, तर ते चांगलं मॉइश्चरायझर आहे, वरच्या मृत पेशी काढणारं एक्सफोलिएंट नाही. ऑनलाइन मिळणारी 30-40 टक्क्यांची 'पील'ची बाटली घरी उघडूच नका. ते काम त्वचारोगतज्ज्ञांच्या खुर्चीत, घड्याळ लावून करायचं असतं.

(दह्याचं विचारणारे असतातच, म्हणून इथेच सांगते. दह्यात लॅक्टिक असतं ते साधारण 1 टक्का, आणि पीएच साडेचारच्या आसपास, म्हणजे मोकळं ॲसिड जेमतेम पाव टक्क्याच्या आत. इजा होणार नाही, डागही जाणार नाही. लिंबू मात्र चेहऱ्याला लावूच नका. त्याचा पीएच 2 च्या आसपास असतो आणि सालीतल्या तेलामुळे उन्हात त्वचा भाजू शकते. आणि मॅन्डेलिक मूळचं कडू बदामातून काढलं गेलं, पण बदाम तेल चोळून ते मिळत नाही.)

आता लावायचं कसं. पहिले तीन दिवस रात्री कानाखाली, जबड्याच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावा आणि मग आठवडाभर थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्या रंगावर लाली दिसत नाही आणि काळेपणा पाच-सात दिवसांनी वर येतो. दुसऱ्या दिवशी 'काहीच झालं नाही' म्हणून पूर्ण चेहऱ्याला लावणं हीच नेहमीची चूक.

जागा स्वच्छ राहिली तर पहिले दोन आठवडे रविवार आणि गुरुवार, फक्त रात्री. चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, टिपून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेत ॲसिड जास्त शिरतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखाली व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. मग चार-पाच थेंब तळहातावर घेऊन कपाळ, गाल, हनुवटीवर दाबून पसरा. कापसाने घासू नका आणि फक्त डागांवर ठिपके देऊ नका. ठिपके दिले की डागाभोवती फिकट कडं पडतं आणि डाग आणखी उठून दिसतो. पाच मिनिटांनी मॉइश्चरायझर. ज्यांची त्वचा फार नाजूक आहे, त्यांनी आधी मॉइश्चरायझर आणि वरून ॲसिड लावलं तरी चालतं. परिणाम थोडा कमी होतो, आग बरीच कमी होते.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड करा आणि तिथेच थांबा. रोज लावून डाग लवकर जातात असं नाही. पिंपलसाठी ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइनचं क्रीम चालू असेल तर त्या रात्री ॲसिड नाही, आणि आठवड्यात एकच रात्र ॲसिडची ठेवा. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीचच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस बाटली कपाटात. फोडलेल्या पिंपलवर तर नाहीच.

लावल्यावर एक-दोन मिनिटं हलकी खाज किंवा मुंग्या येणं ठीक. त्यापुढे चालू राहिलं तर गार पाण्याने धुऊन टाका. गोऱ्या त्वचेसाठी लिहिलेल्या सूचनांत 'लाल झालं तर थांबा' असतं, ते आपल्या कामाचं नाही. आपल्याला बघायचं ते असं: सकाळी चेहरा प्लास्टिक ताणल्यासारखा चकचकीत दिसतो का, गाल हाताला गरम लागतो का, नेहमीच्या मॉइश्चरायझरने किंवा घामाने चुरचुरतं का, नाकाच्या कडेला राखाडी-तपकिरी छटा येतेय का. यातलं एकही दिसलं तर दोन आठवडे सुट्टी. 'त्वचेला सवय होईल' म्हणून रेटणाऱ्यांनाच नवे डाग पडतात.

सनस्क्रीनशिवाय हे करू नका. ॲसिडमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, आणि बंद केल्यानंतरही हा परिणाम साधारण आठवडाभर राहतो. म्हणून आदल्या रात्री लावलं नसलं तरी सकाळचं सनस्क्रीन चुकवायचं नाही. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण रेघ येईल एवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आपल्या रंगाला आणखी एक गोष्ट लागते. सावळ्या त्वचेत फक्त अतिनील किरणांनीच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग गडद होतो, आणि नेहमीचं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन अडवतं. मॅन्डेलिक आणि टिंटेड सनस्क्रीन यांपैकी एकाचेच पैसे असतील, तर सनस्क्रीन घ्या.

फरक आरशात रोज शोधू नका. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. पहिल्या फोटोत बहुधा काही दिसणार नाही. आठ ते बारा आठवड्यांत डागाची कड विरघळल्यासारखी होते, मग मधला भाग फिका पडतो. दरम्यान नवे पिंपल येतच राहिले तर हिशोब कधीच जुळणार नाही. पिंपलवर वेगळे उपचार घ्यावे लागतील, आणि त्यासाठी ॲझेलाइक ॲसिडबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, कारण ते पिंपल आणि डाग दोन्हींवर चालतं.

सगळे डाग याने जात नाहीत. तपकिरी डाग वरच्या थरात असतात, ते हलतात. निळसर-राखाडी डागांमध्ये रंग खालच्या थरात उतरलेला असतो. तिथपर्यंत ही ॲसिडं पोचत नाहीत आणि जोर वाढवला तर वरची त्वचा भाजते. दोन्ही गालांवर सारखाच पसरलेला, नकाशासारखा पट्टा असेल तर तो वांग असू शकतो, पिंपलचा डाग नाही. त्याची चिकित्सा वेगळी.

आणि मेडिकलच्या दुकानातून कुणी 'गोरं करणारी' म्हणून ट्यूब दिली, तर मागची बारीक अक्षरं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन ही तीन नावं एकत्र दिसली तर त्यात स्टेरॉइड आहे. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. महिनोन्महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि बंद केल्यावर पिंपल आणि काळेपणा दुपटीने परत येतो. अशी ट्यूब आधीच लावत असाल तर तिच्यावर मॅन्डेलिक चढवू नका. ती कशी सोडवायची ते आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.