'इन्व्हर्स टोन मॅपिंग'ला 'व्यस्त' म्हणावं का?

विचारणा: "टीव्हीच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करते आहे. साधा व्हिडिओ एचडीआर, म्हणजे उजेडाच्या मोठ्या पल्ल्याचा, करून दाखवण्याच्या सोयीला तिथे 'इन्व्हर्स टोन मॅपिंग' म्हटलंय. 'व्यस्त छटामापन' चालेल का? आणि मूळ क्रिया उलटी फिरवूनच एचडीआर परत मिळत असेल, तर ते चित्र असं नकली का दिसतं?"

उत्तर: 'छटामापन' नकोच. मापन म्हणजे मोजणं, आणि इथे कोणी काही मोजत नाही. एका किमतीच्या जागी ठरलेली दुसरी किंमत बसवायची, एवढंच मॅपिंग. 'व्यस्त'ला मात्र माझा जास्त आक्षेप आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या आक्षेपातच आहे.

अकरावी-बारावीच्या गणितात शिकलेलं आठवा. फलन एकास-एक असेल तरच त्याला व्यस्त फलन असतं. दोन वेगळ्या किमती एकाच उत्तराला जाऊन मिळत असतील, तर उत्तरावरून मूळ किंमत सांगता येत नाही. टोन मॅपिंग म्हणजे खऱ्या दृश्यातला उजेडाचा मोठा पल्ला दाबून पडद्याच्या छोट्या पल्ल्यात बसवणं. राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली सुचवलेलं प्रसिद्ध सूत्र अगदी साधं आहे: उजेडाला 'एक अधिक उजेड' याने भागा. उजेड कितीही वाढला तरी उत्तर एकाच्या आतच राहतं. २००६ साली बान्तेर्ले आणि सहकाऱ्यांनी हेच सूत्र उलटं लावून साध्या चित्राचा पल्ला वाढवायची पद्धत मांडली आणि तिला 'इन्व्हर्स टोन मॅपिंग' म्हटलं. कागदावर ते सूत्र खरोखरच एकास-एक आहे, त्यामुळे नाव चुकलं असं म्हणता येणार नाही.

पण टीव्हीकडे येणारा व्हिडिओ त्या सूत्रातून गेलेला नसतो. कॅमेऱ्याने वरचा उजेड आपल्या पद्धतीने दाबलेला असतो, एका मर्यादेनंतर तो सरळ छाटलेला असतो, मग कुणीतरी बसून रंग जुळवलेले असतात आणि शेवटी सगळं ८ बिटांत कोंबलेलं असतं. यातलं नेमकं काय, किती झालं, याची नोंद व्हिडिओसोबत येत नाही. उलटायची क्रियाच ठाऊक नसताना टीव्ही जे करतो तो अंदाज असतो. म्हणून मी 'छटाविस्तार' म्हणेन. या विषयावरच्या शोधनिबंधांतही 'विस्तारा'चीच भाषा बरीच सापडते. पुस्तिकेत पहिल्यांदा 'इन्व्हर्स टोन मॅपिंग (छटाविस्तार)' लिहा आणि पुढे नुसतं 'छटाविस्तार'.

आता नकलीपणाकडे. दुपारच्या उन्हातला कसोटी सामना घ्या, कारण पांढरे कपडे, ऊन आणि माणसांचे चेहरे एकाच चौकटीत असल्याने यात सगळं उघडं पडतं.

साधा व्हिडिओ तयार करताना पूर्ण पांढरं म्हणजे १०० निट असं धरलेलं असतं. निट हे पडद्याच्या तेजाचं एकक. सिग्नलची टक्केवारी आणि तेज यांचं नातं सरळ नसतं, टक्केवारीचा साधारण २.४ वा घात घेतला की तेज मिळतं. समजा फलंदाजाच्या शर्टाचा उन्हातला भाग ९५ टक्क्यांवर आहे, म्हणजे पडद्यावर ८८ निट. शर्टाची चुणी ९० टक्क्यांवर, म्हणजे ७८ निट. चेहरा ६० टक्क्यांवर, म्हणजे २९ निट. आणि हेल्मेटच्या जाळीवर चमकलेलं ऊन १०० टक्क्यांवर, म्हणजे १०० निट. मैदानावर ती चमक शर्टाच्या कितीतरी पट तेजस्वी होती, पण ती छाटली जाऊन शर्टाच्या जवळ येऊन बसली आहे.

हा व्हिडिओ १००० निटांच्या टीव्हीवर पसरवायचा आहे. हिशेबासाठी एक साधा वक्र धरू: ७५ टक्के सिग्नलपर्यंत तेज सरसकट दुप्पट करायचं, आणि तिथून वर गुणक एकसारखा वाढवत नेत १०० टक्क्यांवर दहापट करायचं. टीव्हीतले वक्र याहून गुळगुळीत असतात, पण स्वभाव हाच: खालचं थोडं वाढवा, वरचं खूप वाढवा.

९५ टक्क्यांवर गुणक येतो ८.४, म्हणजे शर्ट ८८ वरून जवळपास ७४० निटांवर जातो. चुणीचा गुणक ६.८, ती ५२८ वर. चेहरा नुसता दुप्पट होऊन ५९ वर. चमक १००० वर.

आता आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. आधी शर्ट चेहऱ्याच्या तिप्पट उजळ होता, आता साडेबारापट आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांना चेहरा काळवंडलेला वाटतो, खरं तर तो पूर्वीपेक्षा दुप्पट उजळ असूनही. कापड प्रकाश परावर्तित करत नाही, स्वतःच पेटल्यासारखं दिसतं. शर्ट आणि चुणी यांत आधी १३-१४ टक्क्यांचा फरक होता, तो ४० टक्क्यांवर गेला, म्हणून हलकीशी घडी कोरल्यासारखी दिसते. आणि ज्या चमकेसाठी एचडीआरचा सगळा खटाटोप, ती शर्टाच्या जेमतेम १.३५ पट आहे. खऱ्या एचडीआर कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात शर्ट २०० निटांच्या आसपास राहिला असता आणि चमक एकटीच हजाराकडे गेली असती. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एचडीआर मार्गदर्शनात साध्या पांढऱ्यासाठी २०३ निटांची पातळी धरलेली आहे, त्यामागचा हेतूच तो: कागद, कापड, भिंत एवढ्यावर थांबावं आणि वरची जागा दिवे, सूर्य, चकाकी यांना मोकळी राहावी. छटाविस्ताराला कापड कोणतं आणि चकाकी कोणती हे कळत नाही, त्याला फक्त टक्केवारी दिसते.

मग कळावं म्हणून प्रयत्न झालेच. तेजस्वी आणि छोटे भाग चकाकी समजायचे, मोठे भाग साधे पांढरे समजायचे, असा एक मार्ग आहे. तो बऱ्याचदा चालतो. पण कॅमेरा झूम झाला की तोच शर्ट छोट्याचा मोठा होतो, पद्धतीचं मत बदलतं, आणि तेज शॉटच्या मधेच वरखाली होतं. न्यूरल जाळ्यांनी छाटलेल्या भागात तपशील भरण्याचे प्रयत्न २०१७ पासून जोरात सुरू आहेत, आणि स्थिर चित्रात ते कधीकधी थक्क करतात. व्हिडिओत मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळा अंदाज निघाला की ढग वळवळायला लागतात. भरलेला तपशील शोभेलसा असतो, मूळचा नसतो. स्टुडिओतल्या मालिकेत हे खपून जाईल, बातमीच्या फुटेजमध्ये मला ते पटत नाही.

ढगांवरून ८ बिटांकडे येतो. साध्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २१९ पायऱ्या असतात. वरच्या पाव भागात, म्हणजे ७५ ते १०० टक्क्यांत, त्यातल्या सुमारे ५५. आधी या ५५ पायऱ्या ५० ते १०० निट एवढंच अंतर चढत होत्या, एका पायरीला सरासरी सव्वा टक्का फरक. आपल्या वक्राने त्याच ५५ पायऱ्या १०० ते १००० निट चढतात, म्हणजे पायरीमागे सव्वाचार टक्के. गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण एक टक्क्याचा फरक डोळ्यांना जाणवू लागतो. त्यामुळे दुपारच्या आभाळात नकाशातल्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटतात. टीव्ही ते लपवायला चित्र थोडं पुसतो, आणि त्या पुसण्यात गवताचं आणि त्वचेचं बारीक पोत जातं. मेणाच्या पुतळ्यासारखे चेहरे दिसतात ते पुष्कळदा यामुळे. कॉम्प्रेशनचे चौकोनही याच वाटेने वर येतात. मूळ व्हिडिओत ते असतातच, फक्त इतक्या फरकाने दिसत नसतात.

रंग फिसकटतात त्याचं कारण वेगळं. लाल, हिरवा, निळा यांवर तोच वक्र स्वतंत्रपणे लावला, तर तिघांचं प्रमाण बिघडतं. मावळतीच्या नारिंगी आभाळात लाल १०० टक्क्यांवर आणि हिरवा ८० वर आहे असं धरा. लालचा गुणक १०, हिरव्याचा ३.६. तेजाच्या हिशेबात हिरवा लालच्या ५९ टक्के होता, तो २१ वर आला. नारिंगी गेला, लालभडक उरला. उन्हातल्या सावळ्या त्वचेचं हेच होतं, गाल तिखट लागल्यासारखे दिसतात. गुणक एकूण तेजावरून काढून तिन्हींना सारखा लावला तर छटा टिकते, पण मग एखादा रंग पडद्याच्या कुवतीबाहेर जातो आणि तिथे पुन्हा छाटावं लागतं.

टीव्ही हे करतोय की नाही ते ओळखायचं असेल तर खेळाडूंकडे बघू नका, धावफलकाच्या पट्टीकडे बघा. पट्टीतली पांढरी अक्षरं १०० टक्क्यांवर असतात, म्हणून ती पूर्ण जोराने पेटतात. सूर्याइतक्या तेजस्वी धावसंख्येला जगात कुठेच कारण नाही. चित्रपटाच्या सबटायटल्सचंही तेच. अंधाऱ्या प्रसंगात ती डोळ्यांत घुसायला लागली, की मागे छटाविस्तार चालू आहे समजा. संगणकावर mpv प्लेअर वापरत असाल तर `--vo=gpu-next` सोबत `--inverse-tone-mapping` हा पर्याय चालू-बंद करून फरक शेजारीशेजारी बघता येतो. त्याच्या माहितीपत्रकातही जपून वापरा असंच लिहिलं आहे.

प्रक्षेपणातली जाणती मंडळी अनेकदा यातलं काहीच करत नाहीत. एचडीआर सामन्यात एखादं साधं जुनं दृश्य दाखवायचं असेल, तर त्याचं १०० निट पांढरं नुसतं २०३ वर नेतात, म्हणजे सगळ्याला एकच गुणक. शर्ट आणि चेहऱ्याचं नातं तिपटीचंच राहतं, आणि वरची जागा रिकामी सोडून देतात. अक्यूझ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रेक्षकांना बसवून केलेल्या तुलनेतही, नीट टिपलेल्या साध्या चित्राचं तेज असं सरळ वाढवलं तर लोकांना ते पुरेसं आवडतं, असं दिसलं होतं. याला मात्र छटाविस्तार म्हणू नका, छटांचं आपसातलं नातं तिथे बदलतच नाही. पुस्तिकेत त्याचाही पर्याय दिलेला असेल तर 'तेजवाढ' पुरे.