दुखणारी ताठरता, सिकल सेल आणि दोन तासांचं घड्याळ

*ताई, मी २१ वर्षांचा. मूळचा गडचिरोलीचा, आता कुर्ल्याला तिघांसोबत खोलीत राहतो. गोदामात दुपारपाळी असते, रात्री अकराला सुटतो. मला सिकल सेल आहे, एसएस. इकडे आल्यापासून गोळ्या बंद आहेत. दोन महिन्यांपासून झोपेत लिंग ताठ होऊन जाग येते. मनात तसलं काही नसतं, नुसतं दुखतं. अर्ध्या-पाऊण तासात जातं. पण गेल्या आठवड्यात साडेतीन तास तसंच राहिलं. एकाने बर्फ लावायला सांगितला, तर जास्तच दुखलं. मित्र म्हणतो, वाईट सवयींचा परिणाम आहे. दवाखान्यात काय तोंडाने सांगू? घरी लग्नाचं बघतायत. — कुर्ल्याचा वाचक*

सवयींचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मित्राला हे माझ्या नावाने सांग. हा तुझ्या सिकल सेलचाच एक त्रास आहे. डॉक्टर त्याला प्रायापिझम म्हणतात, आणि सिकलच्या कितीतरी पोरांना तो शाळेच्या वयातच सुरू होतो. ती सांगत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच झालंय. मी अनेक वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. अशी मुलं यायची ती बहुतेक दुसऱ्या दिवशी, आईला "पोटात दुखतंय" सांगून.

लिंगात लांबीच्या दिशेने दोन स्पंजासारख्या नळ्या असतात. त्यांत रक्त भरलं की ताठरता येते आणि बारीक शिरांतून ते परत गेलं की उतरते. तुझ्या तांबड्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ आणि चिकट होतात, आणि नेमक्या त्या बारीक वाटांत अडकतात. मुंबईत भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की नाल्याचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि रस्त्यावर तुंबतं, तसंच हे. तुंबलेल्या रक्तातला प्राणवायू संपत जातो, ते आम्लधर्मी होतं, त्यामुळे आणखी पेशी वाकतात आणि वाट आणखी बंद होते. आतला दाब इतका वाढतो की ताजं रक्तही आत येत नाही. तुला होणारी कळ ही उपाशी राहिलेल्या मांसाची आहे. म्हणूनच दांडा दगडासारखा कडक असतो, पण टोक मऊ राहतं. पुढच्या वेळी बोटाने दाबून बघ, डॉक्टरही तेच बघतील.

दुसरं कारण जरा आतलं आहे. सिकलच्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन रक्तात मोकळं होतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू खाऊन टाकतं. हा वायू शिरा सैल करतो, म्हणजे तो कमी झाला तर ताठरता कमी व्हायला हवी, नाही का? होतं उलटंच. वर्षानुवर्षं तो कमी पडला की ताठरता उतरवणारी रसायनंही शरीर कमी बनवतं. मग झोपेतली साधी ताठरता सुरू होते, पण थांबायचं नाव घेत नाही. झोपेत ती प्रत्येक निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा येते, मनात काही असो वा नसो. तुझा त्रास पहाटेचा का, हे यावरून कळेल. त्यात गोदामाच्या पत्र्याखाली दिवसभर घाम गाळायचा आणि संडास घाण म्हणून पाणी प्यायचं नाही, असंही चालत असेल, तर झोपायला जातानाच तुझं रक्त दाट झालेलं असतं.

आता वेळेचं बोलू, कारण या दुखण्यात सगळं वेळेवर अवलंबून आहे. चार तास झाले की डॉक्टरांच्या लेखी ही आणीबाणी असते. त्या सुमारास आतल्या स्नायूंना इजा व्हायला लागते. बारा तासांनी सूज भरते, चोवीस तासांनी रक्ताच्या गाठी होऊ लागतात. छत्तीस तासांच्या पुढे गेलं की नैसर्गिक ताठरता परत येण्याची आशा फार थोडी उरते, कारण स्पंजाच्या जागी कडक व्रण तयार होतो. त्या रात्री तू अर्ध्या तासाच्या फरकाने वाचलास.

समज, रात्री तीनला दुखून जाग आली. आधी मोबाईलवर वेळ बघ आणि लिहून ठेव, कारण पुढे सगळे तेच विचारतील. मग लघवी करून ये, भरलेली पिशवी हा त्रास वाढवते. दोन-तीन ग्लास पाणी घोट घोट पी. पॅरासिटामॉलची एक गोळी घे. कंबरेखालून गरम पाणी घे, सोसेल इतपत गरम, किंवा गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल ओटीपोटावर ठेव. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं चाल, चाळीचे जिने दोनदा चढ-उतर कर. धावायचं मात्र नाही. दम लागला की प्राणवायू कमी पडतो आणि तेच आपल्याला नकोय.

बर्फ कधीच नाही. गारव्याने शिरा आवळतात आणि पेशी जास्त वाकतात. ज्यांना सिकल नाही त्यांना तो चालत असेल, पण तुझ्यासाठी तो विषासारखा. तेल चोळणं, दोरा बांधणं, मेडिकलमधून "ताकदीची" निळी गोळी आणणं, हेही नाही. मजा म्हणजे त्याच जातीची गोळी कमी मात्रेत, रोज, दुखणं नसताना काही डॉक्टर हा त्रास टाळण्यासाठी देतात. पण ती त्यांनी मोजून द्यायची असते.

पाचपर्यंत उतरलं नाही तर निघ. पुस्तकात चार तास लिहिलेत, मी तुला दोन सांगते. कारण रिक्षा मिळणं, केसपेपर काढणं, युरॉलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकाराच्या, डॉक्टरांना वॉर्डातून बोलावणं, यातच दीड तास जातो. लघवी होत नसेल, ताप असेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल, तर दोन तासही थांबू नकोस. कुर्ल्याहून तुला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे हीदेखील मोठी रुग्णालयं आहेत. गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये जाऊन वेळ घालवू नकोस, तिथे हे काम होणार नाही. १०८ ला फोन कर किंवा खोलीतल्या एकाला उठव. त्याला काय झालंय ते नाही सांगितलंस तरी चालेल, "सिकलचा त्रास उठलाय, दवाखान्यात चल" एवढं पुरे.

खिडकीवर काय बोलायचं याचीच तुला भीती आहे ना? मग बोलूच नकोस. आजच एका कागदावर लिहून सिकलच्या कार्डासोबत पाकिटात ठेव: "मला सिकल सेल (एसएस) आहे. प्रायापिझम. रात्री … वाजल्यापासून. दुखतंय. युरॉलॉजीला बोलवा." वेळ तेवढी भरायची आणि कॅज्युअल्टीत कागद पुढे करायचा. "पोटात दुखतंय" किंवा "लघवीच्या जागी दुखतंय" म्हणालास तर रांगेत मागे बसशील.

पुढे काय होईल तेही ऐकून ठेव. दुखण्याचं इंजेक्शन आणि सलाईन लागेल. मग लिंगाच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतील आणि बाजूने सुई घालून तुंबलेलं रक्त ओढतील. ते काळपट असतं, घाबरू नकोस. त्यातलंच थोडं तपासायला पाठवतात, प्राणवायू किती उरलाय ते कळतं. सलाईनने आतून धुतात, आणि तेवढ्याने नाही भागलं तर फेनिलेफ्रिन नावाचं औषध अगदी पातळ करून दर तीन-पाच मिनिटांनी थोडं थोडं आत सोडतात. त्याने आतल्या शिरा आवळून रक्त बाहेर पडतं. त्या वेळी तुझं बीपी आणि नाडी सतत बघतील, कारण हे औषध बीपी वाढवतं. बीपीचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर आधीच सांग. लाल, ताजं रक्त यायला लागलं आणि दांडा सैल पडला की झालं. तासाभरात नाहीच उतरलं, तर ऑपरेशन थिएटरमध्ये टोकाशी छोटा छेद देऊन रक्ताला दुसरी वाट करून देतात.

इथे एक अडथळा येऊ शकतो. सिकलचा पेशंट म्हटलं की काही ठिकाणी आधी रक्त चढवायची तयारी सुरू होते. रक्त मागवा, जुळवा, यात सकाळची दुपार होते आणि लिंग तसंच राहतं. रक्त बदलणं हा यावरचा पहिला इलाज नाही. शिवाय हिमोग्लोबिन भराभर वाढलं की रक्त दाट होतं आणि मेंदूला त्रास झाल्याचीही उदाहरणं नोंदलेली आहेत. तू किंवा सोबतच्याने नम्रपणे एवढंच विचारायचं: "युरॉलॉजीचे डॉक्टर कधी बघतील? सुईने रक्त काढणार आहात का?" रक्त द्यायचं की नाही ते रक्तविकाराचे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी सुई थांबायला नको. चढवलंच आणि डोकं जोरात दुखलं किंवा हातापायात मुंग्या आल्या, तर लगेच सिस्टरला हाक मार.

तुझे अर्ध्या तासाचे झटके आपोआप जातात म्हणून सोडून द्यायचे नाहीत. लांबलेल्या झटक्याआधी बऱ्याचदा असे छोटे झटके येऊन गेलेले असतात, तुझं तर तसंच झालं. पुढच्या सुट्टीला रक्तविकाराच्या ओपीडीत जा आणि बंद केलेल्या गोळ्या सिकलचा त्रास कमी ठेवणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या होत्या का ते जुना कागद दाखवून विचार. त्या मनाने सुरू करू नकोस, आधी रक्ताची तपासणी लागते आणि नंतरही ठरावीक अंतराने लागत राहते. या गोळ्यांनी शुक्रजंतू कमी होऊ शकतात, म्हणून पुढे मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं. युरॉलॉजीवाले झटके रोखायला झोपताना घ्यायची वेगळी गोळी देऊ शकतात. घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, हे रूममेटला विचारून ठेव, तेही ते विचारतील. गांजा आणि दारू दोन्ही बंद, शनिवारची बिअर धरून. झोप येत नाही म्हणून कुणी ट्रॅझोडोन लिहून देत असेल तर सिकल असल्याचं सांग, त्या गोळीने हा त्रास होऊ शकतो.

लग्नाचं म्हणशील, तर आजवरचे झटके चार तासांच्या आत उतरलेत. एरवी ताठरता नेहमीसारखी येत असेल तर घाबरण्यासारखं आज काही नाही. येत नसेल तर तेही ओपीडीत सांग. मुलीची सिकलची तपासणी मात्र ठरवण्याआधी करून घ्या, तू एसएस, म्हणजे तुझे दोन्ही जीन सिकलचे, म्हणून तुझ्याकडून प्रत्येक मुलाला हा जीन जाणारच आहे. ती वाहक निघाली तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता निम्मी असते.

ओपीडीला जाईपर्यंत प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू झाल्याची आणि उतरल्याची वेळ, आणि त्या दिवशी किती पाणी प्यायलास, एवढं मोबाईलमध्ये टिपून ठेव. तिथे बोलायला जमलं नाही तर तेच पान उघडून डॉक्टरांच्या हातात दे.