शेगावात भाविकाचा रुपया कुठे जातो, ते आधी बघा

"विदर्भातल्या तीर्थक्षेत्रांच्या बाजारीकरणावर छोटा शोधनिबंध लिहायचा आहे. एकीकडे स्थानिकांची रोजीरोटी, दुसरीकडे श्रद्धेचा अस्सलपणा, अशी मांडणी करू का? शेगाव घेतलं तर चालेल?"

शेगाव जरूर घ्या, पण ही मांडणी तिथे टिकणार नाही. मी खामगावकडचा, लहानपणापासून शेगावला जातो. तिथे दुकानदारीने भक्तीला गिळलं, असं मला दिसत नाही. उलट गजानन महाराज संस्थान जे फुकट किंवा अगदी स्वस्तात देतं, त्यामुळे गावातल्या धंद्याला गिऱ्हाईक कमी उरतं.

एका कुटुंबामागे दिवसभर फिरून बघा. रेल्वेने उतरले, संस्थानच्या बसने मंदिरात आले, भक्तनिवासात राहिले, दुपारी महाप्रसाद घेतला. वाढणारे सेवेकरी खेड्यापाड्यांतून आलेले, बिनपगारी. गावात पैसा सुटला तो कचोरीवर, जमलंच तर एखाद्या ऑटोवर. खानावळवाल्याला या कुटुंबाचा काही उपयोग झाला नाही.

मग महाप्रसादाला पैसे लावावेत का? माझं ठाम उत्तर आहे: नाही, लावू नयेत. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, असं परंपरा सांगते. त्यामुळे अन्नदान इथे सोय म्हणून आलेलं नाही, ते उपासनेच्या गाभ्यातलं आहे. पालखी पंढरपूरहून परतताना खामगाव ते शेगाव लाखभर माणसं पायी चालतात आणि वाटेवरचे लोक त्यांना चहा-फराळ देतात, तोही फुकटच. ही वाट निबंधात जरूर आणा.

आता कचोरी. तिचा महाराजांशी काही संबंध नाही, ती रेल्वे स्टेशनवरच्या धंद्यातून वर आली. तरी शेगावहून परतलेल्याला आमच्याकडे शेजारी विचारतातच, "कचोरी आणली का?" पर्यटनाचे समाजशास्त्रज्ञ एरिक कोहेन यांनी १९८८ मध्ये मांडलं होतं, की आज बाजारू वाटणारी गोष्ट काळाच्या ओघात लोकांच्या लेखी अस्सल होऊ शकते. कचोरी हे त्याचं आपलं घरचं उदाहरण आहे. म्हणून अस्सलपणाची व्याख्या तुम्ही ठरवू नका, भाविकांना विचारा.

रोजीरोटी मोजताना नुसती दुकानं मोजून भागत नाही. जागा कोणाची, भाडं किती, माल कुठून येतो आणि कामावरचा पोरगा कुठल्या गावचा, हे चार प्रश्न प्रत्येक दुकानात विचारा. मूर्ती, फोटो, खेळणी बाहेरच्या ठोक बाजारातून आलेली असतील, तर विक्री दिसते तेवढी कमाई गावात राहत नाही. प्रगटदिनी गेलात, तर एखाद्या साध्या मंगळवारीही जा. गर्दीच्या दिवशीचा गल्ला वर्षभराचा समजला की सगळा हिशेब फसतो.

संस्थानचं आनंद सागर उद्यान मधली काही वर्षं बंद होतं. तेव्हा दुसऱ्या दिवसाचा मुक्काम तुटला का, हे जुन्या ऑटोवाल्यांना आणि लॉजवाल्यांना वेगवेगळं गाठून विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर तीही तशीच लिहा.