व्हॉट्सअपवर दुकानाचा मेसेज: मराठी आणि हिंदी एकत्र की वेगवेगळा?

प्रश्न: माझं छोटं किराणा दुकान आहे, टायमिंग बदलतोय आणि एक ऑफर पण ठेवतोय. अर्धे कस्टमर मराठी, अर्धे हिंदीवाले. ब्रॉडकास्ट मेसेज कसा लिहू? एकातच दोन्ही भाषा टाकल्या तर चालेल का?

उत्तर:

भोसरीला एमआयडीसीजवळ माझं पण किराणाच आहे, गिऱ्हाईक पण असंच मिक्स, त्यामुळे मी ठेचा खाऊन शिकलोय. एकात टाकू नका. आधी मी वर मराठी खाली हिंदी असा एकच लांबलचक मेसेज पाठवायचो, पण मेसेज मोठा झाला की व्हॉट्सअप तो मध्येच कापून Read more दाखवतं आणि ते कोणी दाबत नाही, म्हणजे हिंदीवाल्यांना वर मराठी दिसायची आणि त्यांच्या कामाचं सगळं खाली लपलेलं. आता दोन याद्या केल्यात, मराठी आणि हिंदी, कोण काउंटरवर कुठल्या भाषेत बोलतं त्यावरून. एका यादीत २५६ नंबर बसतात, आपल्याला पुष्कळ झाले.

पण त्याआधी एक चेक करा. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. तुम्ही त्याचा सेव्ह केला असून उपयोग नाही. पाठवलेला मेसेज दाबून धरा, Info मध्ये जा, कोणाकोणाला डिलिव्हर झाला ते नावानिशी दिसतं. दोन दिवसांनीही ज्याचं नाव तिथे येत नाही त्याने बहुतेक सेव्ह केलेलं नसतं, तो दुकानात आला की समोरच करून घ्यायचं. मी तर उधारीची वही काढली की आधी नंबर सेव्ह करायला लावतो 😄

आता खरी गंमत भाषेची. मराठी मेसेज शब्दाला शब्द हिंदी करायला जाऊ नका, किराण्यात तर अजिबात नाही. मी एकदा हिंदी मेसेजमध्ये "गेहूँ का पीठ" लिहिलं, गोरखपूरचा एक जण हसत हसत आला, भैया ये किसकी पीठ है? हिंदीत पीठ म्हणजे पाठ, आपलं पीठ म्हणजे आटा. पोह्यांचं तसंच, बिहारवाले पोह्यांना चूड़ा किंवा चिउड़ा म्हणतात, आणि आपला चिवडा म्हणजे फोडणी दिलेला तयार खाऊ, त्यामुळे नुसतं "चिवडा" लिहिलं की एक जण पोहे मागणार आणि दुसरा फरसाणाच्या बरण्या बघणार. तूरडाळीला अरहर, रव्याला सूजी. सोपा उपाय म्हणजे गिऱ्हाईक काउंटरवर जो शब्द बोलतं तोच लिहायचा.

दुसरं, "उद्यापासून" लिहू नका. हिंदीत "कल से" होतं, आणि कल म्हणजे काल पण आणि उद्या पण. शिवाय लोक मेसेज चार दिवसांनी उघडतात, फॉरवर्ड करतात. वार आणि तारीख दोन्ही लिहा. ऑफरची शेवटची तारीख तर विसरूच नका, मी एकदा विसरलो आणि दीड महिन्याने एक काकू फोन पुढे धरून उभ्या, "यात कुठं लिहिलंय संपली म्हणून?" बरोबरच होतं त्यांचं, साखर द्यावीच लागली. एका घराला किती वेळा मिळणार तेही लिहा, नाहीतर एकच माणूस तीन बिलं करतो.

माझा यावेळचा मेसेज असा आहे, दुकानाचं नाव बदलून घ्या:

*अमुक किराणा, नवीन वेळ*
सोमवार १ जूनपासून
सकाळी ७ ते दुपारी २
संध्याकाळी ४:३० ते रात्री १०:३०
मंगळवारी दुपारनंतर बंद, *गुरुवारी पूर्ण दिवस चालू*
ऑफर: १००० रु. च्या किराण्यावर १ किलो साखर फ्री (तेल आणि दूध सोडून). एका घराला एकदाच. रविवार १४ जूनपर्यंत.

आणि हिंदी:

*अमुक किराना, दुकान का नया समय*
सोमवार १ जून से
सुबह ७ से दोपहर २ बजे तक
शाम ४:३० से रात १०:३० बजे तक
मंगलवार दोपहर के बाद बंद, *गुरुवार को पूरा दिन खुला*
ऑफर: १००० रु. के राशन पर १ किलो चीनी फ्री (तेल और दूध छोड़कर)। एक घर को एक ही बार। रविवार १४ जून तक।

गुरुवार ठळक यासाठी की आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, सगळा बाजार त्याच दिवशी होतो. तुमच्या भागात जो वार असेल तो ठळक करा, दोन्हीकडे * लावलं की होतं. नाव पहिल्या ओळीत हवंच, कारण फॉरवर्ड झाला की तुमचा नंबर दिसत नाही. दोन्ही मेसेजमधले आकडे शेजारी ठेवून एकदा जुळवा, मी एकदा मराठीत १०:३० आणि हिंदीत ९:३० पाठवलं होतं आणि महिनाभर हिंदीवाले नऊलाच धावत यायचे.

फोटोवर डिझाईन करून पाठवायच्या भानगडीत मी पडत नाही, फोनवर झूम करून वाचायला लागतं. तोच मजकूर मोठ्या अक्षरात प्रिंट काढून शटरवर मात्र चिकटवतो, सेव्ह न केलेल्यांसाठी.